चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉनचे परांचन

पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनची दोन केंद्रके असतात आणि प्रत्येक केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन. हा प्रोटॉन एक अतिसूक्ष्म चुंबक आहे. त्याच्याकडे दोन गोष्टी जन्मजात असतात. एक कोनीय संवेग, ज्याला स्पिन म्हणतात. दुसरे चुंबकीय परिबल, म्हणजे चुंबक म्हणून त्याची ताकद आणि दिशा. दोन्ही एकाच रेषेत असतात आणि त्यांचे गुणोत्तर कायमचे ठरलेले असते. हे गुणोत्तर γ (गॅमा) या अक्षराने दाखवतात. स्पिन आणि चुंबकत्व असे एकमेकांना जखडलेले असल्यामुळे प्रोटॉन चुंबकीय क्षेत्रात होकायंत्राच्या सुईसारखा वागत नाही, भोवऱ्यासारखा वागतो.

तिरका फिरणारा भोवरा गुरुत्वाकर्षणाने खाली ओढला जातो, पण तो कोसळत नाही. त्याचा अक्ष उभ्या रेषेभोवती सावकाश फिरत राहतो. अक्षाच्या या फिरण्याला परांचन म्हणतात. प्रोटॉनच्या बाबतीत गुरुत्वाकर्षणाची जागा चुंबकीय क्षेत्र घेते. क्षेत्र परिबलाला आपल्या दिशेला वळवू पाहते, पण ही पिळवटणारी प्रेरणा क्षेत्राला आणि परिबलाला, दोघांनाही काटकोनात असते. त्यामुळे परिबल आणि क्षेत्र यांच्यातला कोन बदलत नाही. परिबलाचे टोक क्षेत्राच्या दिशेभोवती वर्तुळ काढत राहते. आयरिश भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ लार्मर यांनी 1897 मध्ये अशा फिरण्याचा हिशोब मांडला. म्हणून या फिरण्याच्या वारंवारतेला लार्मर वारंवारता म्हणतात.

या वारंवारतेचा एक गुण पुढे फार उपयोगी पडतो. परिबल क्षेत्राशी किती अंशांचा कोन करते यावर ती अजिबात अवलंबून नसते. कोन लहान असेल तर पिळवटणारी प्रेरणा कमी असते, पण टोकाला काढायचे वर्तुळही त्याच प्रमाणात लहान असते. दोन्ही परिणाम एकमेकांना छेद देतात. उरते फक्त γ आणि क्षेत्राची तीव्रता B यांचा गुणाकार: ω = γB. इथे ω म्हणजे दर सेकंदाला पार होणारा कोन. प्रोटॉनसाठी हे नाते आकड्यांत सांगायचे तर 1 टेस्लाच्या क्षेत्रात सेकंदाला सुमारे 4 कोटी 26 लाख फेऱ्या. पृथ्वीचे क्षेत्र टेस्लाच्या मानाने फारच क्षीण आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ते 40 ते 45 मायक्रोटेस्ला भरते. ते 43 मायक्रोटेस्ला धरले, तर प्रोटॉन सेकंदाला सुमारे 1,831 फेऱ्या घेतो. ही वारंवारता कानाला ऐकू येण्याच्या टप्प्यातली आहे.

इथवरचे चित्र एकोणिसाव्या शतकातले आहे आणि त्यात प्रोटॉन म्हणजे निश्चित दिशेचा एक बाण आहे. 1922 मध्ये फ्रँकफर्टला ओटो स्टर्न आणि वाल्थर गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून पाठवला. अणूंचे बाण हव्या त्या दिशेला असते, तर पडद्यावर सलग पट्टा उमटला असता. प्रत्यक्षात झोताचे दोन वेगळे भाग झाले. चांदीच्या अणूत हा परिणाम एका इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे होतो हे पुढे काही वर्षांनी उमगले. प्रोटॉनचा स्पिनही त्याच जातीचा आहे. कोणत्याही दिशेने मोजला तरी त्याचे उत्तर +ħ/2 किंवा −ħ/2 यांपैकी एकच येते. (ħ हा प्लांकचा स्थिरांक भागिले 2π.) मधले उत्तर कधीच मिळत नाही.

मग फिरते ते काय? ज्या राशीची फक्त दोनच उत्तरे येतात, ती सावकाश वळत जाते असे म्हणायचे तरी कसे? पुंजयामिकीचे उत्तर असे: एकेका मोजणीचे उत्तर फिरत नाही, अपेक्षित मूल्य फिरते. अगदी सारख्या तयार केलेल्या पुष्कळ प्रोटॉनांवर, प्रत्येकावर एकदाच, तीच मोजणी केली तर उत्तरांची जी सरासरी येईल ते अपेक्षित मूल्य. ⟨Sₓ⟩ असे लिहिले की त्याचा अर्थ x दिशेने मोजलेल्या स्पिनची सरासरी. ही सरासरी +ħ/2 आणि −ħ/2 यांच्या दरम्यान कुठेही असू शकते आणि म्हणून ती सलग बदलूही शकते.

हिशोब छोटा आहे. चुंबकीय क्षेत्र z दिशेला आहे असे धरू. या दिशेने प्रोटॉनच्या दोन मूळ अवस्था असतात: ‘वर’, म्हणजे स्पिन क्षेत्राच्या बाजूला, आणि ‘खाली’, म्हणजे क्षेत्राच्या विरुद्ध. ‘वर’ची ऊर्जा थोडी कमी असते, ‘खाली’ची थोडी जास्त, दोन्हींतला फरक ħγB इतका. स्पिन क्षेत्राशी θ कोनात तिरका असेल तर त्याची अवस्था या दोन्हींचे मिश्रण असते. त्यात ‘वर’चा वाटा cos(θ/2) आणि ‘खाली’चा sin(θ/2).

वेळ पुढे सरकते तशी प्रत्येक अवस्थेची कला बदलते, म्हणजे लहरीच्या आवर्तनात ती कुठवर आली आहे ते बदलते. ज्या अवस्थेची ऊर्जा वेगळी, तिची कला बदलण्याचा वेगही वेगळा. वाटे मात्र जसेच्या तसे राहतात. सारा खेळ इथे आहे. z दिशेची मोजणी फक्त वाटे पाहते, म्हणून ⟨S_z⟩ बदलत नाही. x आणि y दिशांच्या मोजण्यांत ‘वर’ आणि ‘खाली’ एकमेकांवर चढतात, आणि त्यांचा परिणाम दोन कलांतल्या फरकावर ठरतो. हा फरक ωt या गतीने वाढत जातो. सुरुवातीला स्पिन x आणि z यांच्या प्रतलात असेल तर उत्तर असे मिळते:

⟨Sₓ⟩ = (ħ/2) sin θ cos ωt

⟨S_y⟩ = −(ħ/2) sin θ sin ωt

⟨S_z⟩ = (ħ/2) cos θ

या तीन संख्या एका बाणाचे तीन घटक मानल्या, तर तो बाण z अक्षाभोवती बरोबर ω या वेगाने फिरतो. लांबी तीच, कोनही तोच. दुसऱ्या ओळीतले उणे चिन्ह फिरण्याची दिशा सांगते. क्षेत्र आपल्याकडे रोखलेले आहे अशा बाजूने पाहिले तर प्रोटॉनचा बाण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. इलेक्ट्रॉनचा γ ऋण असल्यामुळे त्याचा बाण उलटा फिरतो, आणि सुमारे 658 पट वेगाने.

आता हे सूत्र एका उदाहरणात चालवून पाहू. क्षेत्र 43 मायक्रोटेस्ला आणि θ 90 अंश, म्हणजे सुरुवातीला स्पिन बरोबर x दिशेला. एका फेरीला सुमारे 0.546 मिलिसेकंद लागतात. t = 0 या क्षणी हजार प्रोटॉनांवर x दिशेने मोजणी केली तर हजारही वेळा +ħ/2 येईल. फेरीचा सहावा भाग, म्हणजे सुमारे 0.091 मिलिसेकंद गेल्यावर बाण 60 अंश वळलेला असतो आणि cos 60° म्हणजे 0.5. या क्षणी नव्या हजार प्रोटॉनांवर मोजणी केली तर एकाही प्रोटॉनचे उत्तर +ħ/4 येणार नाही. साधारण 750 वेळा +ħ/2 येईल आणि 250 वेळा −ħ/2. त्यात दहा-पंधराचा फरक नशिबाचा. सरासरी मात्र +ħ/4 च्या आसपास पडेल. पाव फेरी झाल्यावर दोन्ही उत्तरे निम्मी-निम्मी येतील आणि x दिशेची सरासरी शून्य होईल. त्याच क्षणी y दिशेने मोजले असते तर मात्र दरवेळी −ħ/2 च आले असते. अर्ध्या फेरीनंतर x दिशेची सगळी उत्तरे −ħ/2. सरासरीचा बाण असा उत्तरांच्या टक्केवारीतून फिरतो. प्रत्येक टप्प्याला ‘नवे’ प्रोटॉन लागतात, हेही विसरून चालत नाही. एकदा मोजलेला प्रोटॉन मोजलेल्या दिशेच्या अवस्थेत जाऊन बसतो आणि त्याचे आधीचे परांचन तिथेच तुटते.

पुस्तकांतल्या एका लोकप्रिय चित्राने इथे बराच घोटाळा केला आहे. त्या चित्रात ‘वर’ अवस्थेतला स्पिन क्षेत्राशी सुमारे 55 अंशांचा कोन करून शंकूवर फिरताना दाखवतात. कोन येतो तो असा: स्पिनची एकूण लांबी (√3/2)ħ आणि z दिशेचा घटक ħ/2. परंतु शुद्ध ‘वर’ अवस्थेत θ शून्य असतो. मग sin θ ही शून्य, आणि ⟨Sₓ⟩, ⟨S_y⟩ दोन्ही कायम शून्य. त्या अवस्थेत काहीच फिरत नाही. अवस्था एकटी असली की कलांतला फरक काढायला दुसरी अवस्थाच नसते. परांचन हवे असेल तर ‘वर’ आणि ‘खाली’ दोन्ही लागतात. सर्वांत मोठे वर्तुळ दोन्ही समान वाट्याने असताना मिळते.

हाच निष्कर्ष अवस्था न उलगडताही काढता येतो. पॉल एहरनफेस्ट यांनी 1927 मध्ये दाखवलेल्या पद्धतीने अपेक्षित मूल्यांच्या बदलाचा वेग थेट लिहिला, तर d⟨S⟩/dt = γ⟨S⟩ × B हे समीकरण मिळते. × हे चिन्ह दोन्ही बाणांना काटकोनात असणारा तिसरा बाण दाखवते. हे अक्षरशः लार्मरच्या काळातले समीकरण आहे. जुन्या बाणाच्या जागी फक्त सरासरी आली. पुंजयामिकीत बहुतेक ठिकाणी असे जुने समीकरण अंदाजे लागू पडते. इथे ते तंतोतंत लागू पडते, आणि त्याचे कारण क्षेत्राचा एकसमानपणा. क्षेत्र सगळीकडे सारखे असले की समीकरणाच्या उजव्या बाजूला स्पिनच्या सरासरीखेरीज दुसरे काही येत नाही. क्षेत्र जागोजागी बदलत असेल तर कण कुठे आहे हाही प्रश्न त्यात शिरतो आणि स्पिन व स्थान एकमेकांत गुंततात. स्टर्न-गेरलाख प्रयोगात नेमके हेच मुद्दाम घडवले होते.

हे समीकरण बेरीज केली तरी टिकते, म्हणून असंख्य प्रोटॉनांचा एकत्रित बाणही तसाच फिरतो. प्रोटॉन चुंबकीयमापक याच्यावर चालतो. अमेरिकेत रसेल व्हेरियन आणि मार्टिन पॅकार्ड यांनी पृथ्वीच्या क्षेत्रातले प्रोटॉनांचे मुक्त परांचन 1954 च्या सुमारास दाखवले, आणि पुढे पृथ्वीच्या क्षेत्राची एकूण तीव्रता मोजायला हे साधन जगभरच्या वेधशाळांत रुळले. रचना साधी आहे: पाणी किंवा रॉकेल भरलेली बाटली, तिच्याभोवती तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे, आणि वारंवारता मोजणारे परिपथ.

अर्धा लिटर पाण्यात हायड्रोजनचे सुमारे 3.3 × 10²⁵ प्रोटॉन असतात, पण ते अस्ताव्यस्त दिशांना असल्यामुळे त्यांची बेरीज जवळजवळ शून्य येते. म्हणून आधी वेढ्यांतून काही सेकंद विद्युतप्रवाह सोडून 10 मिलिटेस्लाच्या आसपासचे क्षेत्र तयार करतात. ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या दोनशेहून अधिक पट असते. तरीही साधारण तापमानाला रेणूंची धडपड इतकी जोरकस असते, की दर दहा कोटी प्रोटॉनांमागे ‘वर’ बाजूची आघाडी जेमतेम तीन-चारांची असते. एकूण संख्याच अफाट असल्यामुळे ही नगण्य आघाडीही 10¹⁸ च्या घरात जाते, आणि तेवढी पुरते.

यानंतर प्रवाह तोडतात, आणि यंत्राचे यश बरेचसे या एका क्षणावर अवलंबून असते. प्रवाह हळूहळू कमी केला तर एकूण क्षेत्राची दिशा वेढ्यांच्या अक्षाकडून पृथ्वीच्या क्षेत्राकडे सावकाश वळते आणि प्रोटॉनांचा बाण तिच्या मागोमाग वळत जातो. शेवटी तो पृथ्वीच्या क्षेत्राला समांतर उभा राहतो. Θ शून्य, संकेत शून्य. प्रवाह एका फेरीच्या मानाने फार कमी वेळात तोडावा लागतो. मग बाणाला वळायला सवडच मिळत नाही. तो वेढ्यांच्या अक्षावरच राहतो आणि पृथ्वीच्या क्षेत्राभोवती फिरू लागतो. तेच वेढे आता कान होतात: फिरत्या बाणामुळे त्यांत मायक्रोव्होल्टच्या घरातला, सुमारे 1.8 किलोहर्ट्झचा प्रत्यावर्ती दाब निर्माण होतो. हा संकेत एक-दोन सेकंदांत विरत जातो. तेवढ्या वेळात वारंवारता मोजायची आणि हर्ट्झचा आकडा 23.487 ने गुणायचा, की क्षेत्र नॅनोटेस्लामध्ये मिळते. मघाच्या उदाहरणातली 1,831 हर्ट्झ ही वारंवारता गुणून पाहिली तर 43,005 येतात, वर 1,830.8 चे 1,831 केले होते, त्यामुळे वरचे पाच.

वारंवारता कोनावर अवलंबून नसते, त्याचा फायदा इथे मिळतो. बाटली जराशी तिरकी ठेवली तरी उत्तर बदलत नाही. बदलते ती फक्त संकेताची ताकद, आणि तीही दोनदा घटते. बाणाचा फिरणारा भाग sin θ इतका असतो आणि वेढ्यांना जाणवणारा त्याचा हिस्साही sin θ इतका, म्हणून संकेत sin²θ च्या प्रमाणात राहतो. 45 अंशांना तो निम्मा होतो आणि वेढ्यांचा अक्ष क्षेत्राला समांतर असेल तर नाहीसा होतो. महाराष्ट्रात क्षेत्र उत्तरेकडे आणि थोडे जमिनीत झुकलेले असते. त्यामुळे वेढ्यांचा अक्ष पूर्व-पश्चिम ठेवला की तो क्षेत्राला जवळजवळ काटकोनात बसतो.

खरा शत्रू आहे क्षेत्राची असमानता. समजा जवळ लोखंडी फाटक आहे आणि त्याच्यामुळे बाटलीच्या एका टोकाला क्षेत्र दुसऱ्या टोकापेक्षा 100 नॅनोटेस्लाने जास्त आहे. 43,000 च्या मानाने हा फरक किरकोळ वाटतो, पण वारंवारतेत तो 4.26 हर्ट्झचा होतो. म्हणजे 0.23 सेकंदांत एका टोकाचे प्रोटॉन दुसऱ्या टोकाच्या पूर्ण एक फेरी पुढे गेलेले असतात आणि मधले प्रोटॉन त्यांच्या दरम्यान सगळ्या दिशांना विखुरलेले असतात. प्रत्येकाचे अपेक्षित मूल्य अजूनही नियमाप्रमाणे फिरत असते, पण बेरीज शून्य होते. संकेत नेहमीपेक्षा फार लवकर विरला, किंवा लागोपाठच्या वाचनांत मेळ बसेना, तर अनुभवी निरीक्षक आधी आसपासचे लोखंड शोधतो.

चुंबकीय वेधशाळा शहरांपासून दूर का न्याव्या लागतात याचे मुंबईतले उदाहरण या मापकाच्याही आधीचे आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहांचा त्रास टाळण्यासाठी हे काम 1904 मध्ये अलिबागला हलवले गेले, आणि तिथल्या इमारती चुंबकीय पदार्थ टाळून बांधल्या गेल्या. भारतीय भूचुंबकत्व संस्थेची ती वेधशाळा आजही नोंदी घेते.

अपेक्षित मूल्यांना न दिसणारी एक गोष्ट उरते. बाण 360 अंश फिरून जागेवर आला की तिन्ही सरासऱ्या अगदी पहिल्यासारख्या होतात. पण अवस्थेच्या दोन्ही वाट्यांच्या कला प्रत्येकी अर्ध्याच वेगाने, विरुद्ध बाजूंना सरकलेल्या असतात. त्यामुळे एका फेरीनंतर पूर्ण अवस्थेपुढे उणे चिन्ह लागते. मूळ अवस्था परत यायला 720 अंश लागतात. एकाच झोतावर कितीही मोजण्या केल्या तरी हे चिन्ह पकडता येत नाही, कारण सरासरी काढताना ते स्वतःशीच गुणले जाऊन नाहीसे होते. ते पकडायचे तर प्रत्येक कणाचा मार्ग दुभागायचा, एका फांदीवर चुंबकीय क्षेत्र ठेवायचे आणि दोन्ही फांद्या पुन्हा एकमेकींवर आणायच्या. 1975 मध्ये न्यूट्रॉन वापरून दोन गटांनी स्वतंत्रपणे हे केले. एक गट हेल्मुट राउख यांचा, ग्रेनोबलच्या अणुभट्टीवर काम करणारा. दुसरा अमेरिकेत सॅम्युअल वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. क्षेत्र वाढवत नेले तशी पलीकडे पोहोचणाऱ्या न्यूट्रॉनांची संख्या कमी-जास्त होत गेली, आणि ती मूळ पातळीवर परत आली ती स्पिनने एक नव्हे, दोन पूर्ण फेऱ्या घेतल्यावर.